महाप्रसादाच्या सेवेसाठी ग्रुपवर मेसेज टाकायचा आहे. लोक नावं देतील असा कसा लिहावा?

कृषीकेंद्र_दारव्हा

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रकट दिन असतो. सात दिवस पारायण, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, दुपारची आरती आणि मग महाप्रसाद. आजूबाजूच्या वाड्या धरून बाराशेच्या आसपास माणूस जेवतो. यंदा सेवेकरी जमवायचं काम माझ्या गळ्यात आहे. समितीने आजवर जो मेसेज फिरवला तो असा:

"॥ गण गण गणात बोते ॥ सर्व भाविक बंधू-भगिनींना सूचित करण्यात येते की प्रकट दिन महोत्सवानिमित्त भव्य महाप्रसादाचे आयोजन केले आहे. तरी सर्वांनी जास्तीत जास्त संख्येने तन-मन-धनाने सहकार्य करावे. स्वयंपाक समिती, पंगत समिती, पाणी समिती, स्वच्छता समिती यामध्ये सेवा देऊ इच्छिणाऱ्यांनी समितीशी संपर्क साधावा. वेळ : सकाळी 6 ते कार्यक्रम संपेपर्यंत."

याला दोनशे लोक हात जोडलेलं चित्र पाठवतात. नाव कोणीच देत नाही. ऐन वेळी तीच पंधरा-वीस माणसं सकाळपासून रात्रीपर्यंत राबतात, दुसऱ्या दिवशी आडवी होतात. मेसेजमध्ये काय बदलावं? पाळ्या कशा पाडाव्या? नावं घ्यायची सोपी पद्धत कोणती?

पानठेला

तन-मन-धन तिन्ही मागता, तिथंच घोळ हाय. माणूस 101 ची पावती फाडते न् तन वाचवते.

वऱ्हाडी_ठेचा

हाहाहा पानठेला भाऊ. "कार्यक्रम संपेपर्यंत" हे वाचूनच पोट्टे पयतात. संपते कधी हे महाराजाइलेच ठाऊक.

मूळचा_आर्वीचा

सध्या हिंजवडीत असतो, पण आमच्या सोसायटीच्या गणपतीत हे काम करतो म्हणून लिहितो. गूगल फॉर्म करा. नाव, मोबाईल, कोणती पाळी, कोणतं काम. सगळं आपोआप एका तक्त्यात येतं. दोन-दोन तासांच्या पाळ्या ठेवा आणि प्रत्येक पाळीला किती माणसं हवीत तो आकडा लिहा. आमच्याकडे दोन दिवसांत सगळं भरतं.

वऱ्हाडी_ठेचा

@मूळचा_आर्वीचा भाऊ, सोसायटीत सगळे लॅपटॉप घेऊन बसले रायतात. इथं माय पराटी उपटून घरी आली की फॉर्म उघडत बसन का? लिंक पाह्यली की आमचा माणूस समजते का बँकेतले पैसे कटणार. पाळीला किती माणूस पाह्यजे तो आकडा लिहाचं मात्र बरोबर सांगतलं तुमी.

संत्रा_वरूड

बाराशे माणसाला वांगे किती लागतात भाऊ? आमच्याकडे पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. आणि बिछायतवाला तुमच्याकडे काय भाव घेतो?

देवळीकर_काका

गेली बरीच वर्षं पंगती उठवतो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमच्या मेसेजात भाषेपेक्षा हिशेबाची उणीव आहे. किती माणसं हवीत हे समितीलाच माहीत नसेल, तर ती "जास्तीत जास्त" असंच लिहिणार. आणि "जास्तीत जास्त" वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, बाकीचे जातीलच.

आधी देवळापुढची जागा मोजा. समजा एका वेळी 25 जणांच्या सहा ओळी बसतात, म्हणजे पंगत दीडशेची. बाराशे माणसाला आठ पंगती. बसणं, वाढणं, जेवण, उठणं, झाडणं धरून एक पंगत पस्तीस मिनिटं घेते. कोणी वीस मिनिटं सांगेल, त्याने कधी झाडू हातात घेतलेला नसतो. आठ पंगतींना पावणेपाच तास. पहिली पंगत साडेबाराला बसली तर शेवटची सव्वापाचला उठते. बघा, "कार्यक्रम संपेपर्यंत" याला आता वेळ मिळाली.

आता वाढणारे. दोन ओळी समोरासमोर बसवल्या की मधली गल्ली एक. सहा ओळींच्या तीन गल्ल्या. एका गल्लीत भात, वरण, भाजी, पोळी, बुंदी असे पाच जण वाढतात आणि एक जण पाणी. तीन गल्ल्यांना अठरा माणसं. याशिवाय पत्रावळी-द्रोण मांडणारे दोघं, झाडणारे दोघं, आणि चुलीपासून पंगतीपर्यंत भरलेली बकेट पोचवणारे चार. हे चार जण लोक नेहमी विसरतात. मग वाढणाराच रिकामी बकेट घेऊन चुलीकडे पळतो, गल्ली उघडी पडते, आणि इकडे बसलेला माणूस कोरडा भात घेऊन वरणाची वाट पाहतो. एकूण झाले सव्वीस.

सव्वीस जण पावणेपाच तास वाकू शकत नाहीत. पंगती दोन पाळ्यांत तोडा, चार-चार. पहिली पाळी बारा ते पावणेतीन, दुसरी साडेदोन ते सव्वापाच. मधली पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या मैदानात राहतात. बकेट एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पंगत थांबत नाही. दोन्ही मिळून 52 जागा. नाव दिलेल्या दहातले दोन येतच नाहीत असा माझा अनुभव, म्हणून पासष्ट नावं घ्या.

रात्रीची_लाईन

काकाचा हिशेब बरोबर आहे. पण मेसेज कोणत्या आठवड्यात टाकता तेही पाहा. फेब्रुवारीत गहू-हरभऱ्याले ओलित सुरू असते. शेतीची थ्री-फेज लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. प्रकट दिनाच्या आठवड्यात आमच्या फिडरले रात्रीची लाईन असली, तर मी रात्रभर वावरात बारे देतो. सकाळी 6 ले मले देवळात बोलावलं तर मी हात जोडलेलं चित्रच पाठवीन. दुपारची दुसरी पाळी मात्र सहज करीन, झोप होऊन जाते. दिवसाची लाईन असली तर उलटं, संध्याकाळीच मोकळा. लाईनचं वेळापत्रक लाईनमनले विचारून घ्या न् मग पाळ्या टाका.

कृषीकेंद्र_दारव्हा

@रात्रीची_लाईन हे कोणीच आजवर बोललं नव्हतं. दुकानात लोक बसून "यंदा जमत नाही" एवढंच म्हणतात. त्यात बारावीची परीक्षाही फेब्रुवारीत येते, म्हणून मोठी पोरं कमी. त्या आठवड्यात लाईन रात्रीचीच आहे, आत्ताच विचारलं.

साधा_प्रश्न

एवढी यातायात कशाला? वर्गणी जमतेच, केटररला ठेका द्या. बुफे लावा. वाढायला माणूसच नको.

पानठेला

बुफेत आमचे बुवा बुंदीच्या टेबलापाशी मुक्काम करतात. मागचे लोक भातावर घरी.

देवळीकर_काका

@साधा_प्रश्न ठेका द्यायला हरकत नाही, बरीच गावं देतात. पण ठेकेदार ताटावर पैसे घेतो आणि महाप्रसादात ताटं मोजता येत नाहीत. आठशे सांगितले आणि बाराशे आले तर तो हात वर करतो. आचारी पैशाने, वाढणारे गावातले, ही वाटणी मला तरी सोयीची वाटते. शेगावच्या संस्थानात सेवेकरी पाळीने येतात आणि ठरलेलं काम करून जातात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते मोठं संस्थान आहे, आपल्याला त्यातली फक्त पाळी उचलायची.

साधा_प्रश्न

पाळीने आले तरी तेच पंधरा येतील काका. माणूस पैशानेच हलतो. मी माझं मत सोडत नाही.

रामटेकची_सून

माझा मुद्दा वेगळा आहे. बायकांना प्रत्येक गावात "स्वयंपाक समिती" मध्ये टाकतात. म्हणजे पहाटे वांगी चिरा, पोळ्या लाटा, आणि सगळे जेवून उठले की चार वाजता थंड भात खा. नंतर गंज घासायलाही त्याच. मेसेजमध्ये काम लिहा, वेळ लिहा, पण ते काम बाईचं की पुरुषाचं हे लिहू नका. माझ्या माहेरी दोन वर्षांपासून पोरी पंगतीत वाढतात, काही आभाळ कोसळलं नाही.

दुसरं, पोळ्या देवळात लाटू नका. आमच्याकडे घरोघरी कणीक देतात आणि प्रत्येक घरून वीस पोळ्या अकरा वाजेपर्यंत परातीत येतात. दीडशे घरांच्या तीन हजार होतात. बाईला घरातच काम, लेकरं घरातच, आणि ती दुपारी मोकळी. ही पण सेवाच आहे, तिचं नाव यादीत यायला पाहिजे.

देवळीकर_काका

पोळीचं पटलं. पंगतीत पोरींनी वाढावं, माझी ना नाही. पण गर्दीत भरलेल्या गरम वरणाची बकेट घेऊन धावायचं असतं, त्या कामाला दणकट पोरंच बरी.

रामटेकची_सून

काका, वीस लिटरची कळशी डोक्यावर घेऊन विहिरीवरून कोण येतं?

वऱ्हाडी_ठेचा

काका गप बसा आता, लय झालं 😂

निवृत्त_सिस्टर

मी आरोग्य सेविका होते, उपकेंद्रात बरीच वर्षं काढली. काकांच्या हिशेबात एक गोष्ट जोडते. पंगत सव्वापाचपर्यंत चालणार असेल तर भात सकाळी एकदम शिजवून ठेवू नका. फेब्रुवारीतही आपल्याकडे दुपारी चांगलं ऊन तापतं. पहाटे पाचला उतरवलेला भात झाकून ठेवला की आत कोमट राहतो, आणि त्या कोमटपणातच बिघडतो. लोक वास घेऊन पाहतात. वासावर जाऊ नका. वास चांगला असूनही भाताने उलट्या होतात, आणि एकदा त्यात विष तयार झालं की परत गरम करूनही जात नाही.

म्हणून भात-वरण दोन घाण्यांत करा. पहिला साडेअकराला उतरेल असा, दुसरा अडीचच्या पुढे. शिजल्यापासून चार तासांच्या आत पानात गेलं पाहिजे. याचा अर्थ पाळ्यांमध्ये दुपारी एक वाजता तांदूळ धुवायला आणि आचाऱ्याच्या हाताखाली पाच-सहा माणसं हवीत. हे तुमच्या यादीत नाही, आणि तेव्हा सगळे पंगतीत असतात.

पाणी टँकरचं असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून टीसीएल पावडर टाकून घ्या. हजार लिटरला साधारण 5 ग्रॅम, म्हणजे पाच हजाराच्या टँकरला 25 ग्रॅम. आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टँकरमध्ये ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग ओटी टेस्ट करायची. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. पिवळं झालं नाही तर पंगत बसवू नका. हे एका माणसाच्या नावावर ठेवा, "पाणी समिती" च्या नावावर नको.

आणि मेसेजमध्ये एक ओळ घाला, ज्याला जुलाब-उलटी आहे किंवा हाताला जखम आहे त्याने वाढायला येऊ नये, त्याला दुसरं काम देऊ. लोक लाजेखातर सांगत नाहीत.

मुक्काम_पोस्ट_पुसद

सिस्टर, आमच्याकडे तर बोअरचं पाणी आहे, त्याला काही टाकायची गरज नसते ना? जमिनीतलं पाणी शुद्ध असतं.

निवृत्त_सिस्टर

बोअर चांगलं असलं तरी ते पाणी टँकरमध्ये, मग ड्रममध्ये, मग जगमध्ये येतं. ड्रममध्ये कोणीतरी हात घालून ग्लास बुडवतोच. त्या हाताचं काय? टाकाच.

संत्रा_वरूड

वांगे किती ते कोणी सांगितलंच नाही.

देवळीकर_काका

माणशी 100 ग्रॅम धरा भाऊ. हजाराला एक क्विंटल. आलू टाकणार असाल तर वांगी त्यातून कमी करा. आणि वांगी रात्री चिरून ठेवू नका, काळी पडतात. सकाळी चिरा, मिठाच्या पाण्यात टाका. म्हणजे आदल्या रात्रीच्या पाळीला फक्त डाळ-तांदूळ निवडणं आणि कोथिंबीर राहते. दोन तासांत होतं, रात्रभर जागायची गरज नाही.

पानठेला

रात्रभर जागायची गरज नाई म्हनता, मंग भजनी मंडळाच्या चहाचं काय? तो बी एका पाळीतच टाका.

मुक्काम_पोस्ट_पुसद

रोडगे का करत नाही? आमच्याकडे भंडाऱ्यात रोडगे-वरण-वांग्याची भाजी. गोवऱ्यांवर भाजलेला रोडगा, वरून तूप... पोळीला ती चव नाही.

वऱ्हाडी_ठेचा

बाराशे माणसाचे रोडगे भाजाले गोवऱ्या कोन देईन? न् राख झटकाले दहा माणसं वेगळेच. इथं वाढाले भेटून नाई रायले.

कृषीकेंद्र_दारव्हा

मंडळी, फार उपयोगी चाललं आहे. आता मूळ प्रश्नाकडे येतो. नावं कशी घेऊ? मागे ग्रुपवर यादी टाकली होती, ज्याने त्याने खाली आपलं नाव जोडून पुढे पाठवायचं. दोघांनी एकाच वेळी जोडलं की एकाचं नाव उडतं. चौघं-पाच जण नाराज झाले, "आमचं नाव मुद्दाम काढलं" म्हणून. आमच्या गावात यावरूनही गट पडतात.

मूळचा_आर्वीचा

मग व्हॉट्सॲपचा पोल करा. प्रत्येक पाळी एक पर्याय. कोणी मत दिलं तेही दिसतं, फॉर्म उघडायची गरज नाही.

कृषीकेंद्र_दारव्हा

@मूळचा_आर्वीचा पोल करून पाहिला होता, शाळेच्या कार्यक्रमाला. एकेका माणसाने चारही पाळ्यांवर टिक केलं. आणि पाळी भरली तरी पोल बंद होत नाही, पहिल्या पाळीत चाळीस, शेवटच्या पाळीत दोन. शिवाय सकाळच्या सुविचारांखाली तो गाडला जातो.

रामटेकची_सून

आमच्याकडे चालतं ते सांगते. प्रत्येक कामाला आकडा द्या. लोकांनी ग्रुपवर काही लिहायचं नाही, तुम्हाला वेगळा मेसेज करायचा, फक्त आकडा आणि नाव. "4" आणि पुढे नाव, बस. तुम्ही रात्री नऊला एकदाच यादी टाकायची आणि त्यात "4 नंबर भरला, 6 नंबरला अजून सात हवेत" असं लिहायचं. भरलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या मेसेजमधून काढून टाकायचं. नाव एकाच हाताने लिहिलं जातं म्हणून उडत नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी किराणा दुकानात वही.

पानठेला

वही माह्या ठेल्यावर ठेवा. दिवसभर गाव तिथंच उभं असते. बाया मात्र ठेल्यावर येनार नाईत, त्याइच्यासाठी किराण्यात दुसरी.

देवळीकर_काका

आणि एक. मेसेजने पासष्टातली वीस नावं आली तरी नशीब समजा. बाकीची ओट्यावर जाऊन मागावी लागतात. त्यासाठी दर पाळीला एक मुकादम नेमा. पेरणीला मजूर कसे आणतात, मुकादमाला सांगतो दहा बाया पाहिजेत आणि तो आणतो. तसं मुकादमाने आपल्या ओळखीचे जमवायचे आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला एक फोन करायचा, "उद्या साडेदोनला ये रे." त्या फोनने गळती अर्धी होते. मुकादमाचं नाव मेसेजमध्ये हवं. "समितीशी संपर्क साधावा" म्हणजे कोणाशी? समिती फोन उचलत नाही.

रात्रीची_लाईन

जेवणाचं बी लिहा. आमचा खरा राग तोच आहे. बारापासून वाढा न् सहा वाजता खरवड खा.

देवळीकर_काका

बरोबर बोललात, त्याचा उपाय पाळीतच आहे. दुसऱ्या पाळीच्या माणसांनी पहिल्या किंवा दुसऱ्या पंगतीत जेवून घ्यायचं आणि मग साडेदोनला हजर व्हायचं. पहिली पाळी पावणेतीनला सुटली की सरळ पाचव्या पंगतीत बसते. कोणीही उपाशी राहत नाही. जुन्या लोकांना हे पटत नाही, "सेवेकऱ्याने शेवटी जेवावं" म्हणतात. उपाशी माणूस चौथ्या पंगतीला बकेट आपटतो, हे मी पाहिलं आहे.

साधा_प्रश्न

आणि भांडी? शेवटच्या पाळीला कोण थांबतं ते मला दाखवा. तिथेच तुमचं सगळं गणित फसतं.

रामटेकची_सून

@साधा_प्रश्न यावर मात्र तुमच्याशी सहमत. मोठे गंज आणि कढया घासायला पैसे देऊन माणसं लावा. बायकांच्या माथी मारू नका.

देवळीकर_काका

मी म्हणतो गावानेच घासावी. पैसे द्यायला लागलात की पुढच्या वर्षी वाढायलाही पैसे मागतील.

निवृत्त_सिस्टर

काका, वाढायला नाव मिळतं, फोटो निघतो. घासायला काय मिळतं? दोन्ही एका तराजूत नका घालू.

वऱ्हाडी_ठेचा

घासाचं जाऊ द्या, मोजाचं कोन? बिछायत केंद्रवाला एक वगराळं कमी निघालं तरी पैसे कापते. आमच्या इथं सराटे तीन गेले, अजून कोनाच्या घरी भाजी हलवून रायले देव जाने.

कृषीकेंद्र_दारव्हा

@वऱ्हाडी_ठेचा हे खरं. भांडी आणताना जो मोजेल त्यानेच परत करताना मोजायची, आठव्या नंबरावर एकच माणूस टाकतो.

घासण्याचा वाद समितीपुढे ठेवतो, इथे मिटणार नाही. तूर्त मेसेजमध्ये ते काम मजुरीवर धरलं आहे. दोन दिवस विचार करून खालचा मेसेज तयार केला, बघा:

"॥ गण गण गणात बोते ॥
प्रकट दिन महाप्रसादाला 1200 माणूस येईल. त्यासाठी गावातून सेवेकरी हवेत. कोणालाही दिवसभर थांबायचं नाही. तुम्हाला जमेल ते एकच काम निवडा.

1. आदल्या रात्री 8 ते 10, डाळ-तांदूळ निवडणे, कोथिंबीर. 12 माणसं.
2. घरी 20 पोळ्या करणे. कणीक आदल्या दिवशी घरपोच मिळेल, पोळ्या सकाळी 11 पर्यंत आमची गाडी दारातून नेईल. 150 घरं.
3. सकाळी 7 ते 11, वांगी चिरणे, आचाऱ्याला मदत. 10 माणसं.
4. दुपारी 12 ते पावणेतीन, पहिल्या चार पंगती. 33 माणसं. पाचव्या पंगतीत जेवण.
5. दुपारी 1 ते 3, दुसऱ्या घाण्याचा भात-वरण. 6 माणसं. सहाव्या पंगतीत जेवण.
6. दुपारी अडीच ते सव्वापाच, शेवटच्या चार पंगती. 33 माणसं. जेवण आधी, पहिल्या किंवा दुसऱ्या पंगतीत. रात्री ओलित करणाऱ्यांना ही पाळी सोयीची.
7. टँकरचं पाणी तपासणे आणि ड्रमपाशी उभं राहणे, सकाळी 10 ते सव्वापाच, दर अडीच तासांनी बदली. 6 माणसं.
8. भांडी मोजून घेणे आणि मोजून परत देणे. 1 माणूस.

बाई असो की पुरुष, कोणतंही काम घ्या. पोटाचा त्रास किंवा हाताला जखम असेल तर सांगा, वाढण्याऐवजी दुसरं काम देऊ.

नाव कसं द्यायचं : ग्रुपवर लिहू नका. मला फक्त कामाचा नंबर आणि तुमचं नाव पाठवा. फोन साधा असेल तर पानठेल्यावर किंवा किराणा दुकानात वही आहे. रोज रात्री 9 ला यादी येईल. प्रत्येक कामाच्या मुकादमाचं नाव यादीत असेल, तो तुम्हाला आदल्या संध्याकाळी फोन करेल."

रात्रीची_लाईन

6 नंबर. माझं गाव वेगळं आहे नाही तर आत्ताच पाठवला असता.

पानठेला

लंबा झाला भाऊ. आमचे लोक तिसऱ्या ओळीनंतर वाचत नाईत.

रामटेकची_सून

लांब आहे खरं. एकदाच पूर्ण टाका आणि पिन करा. नंतर रोज फक्त रिकाम्या जागा: "6 नंबर, 7 हवेत." लोक ती ओळ वाचतात. आणि पहिल्या दिवशी चार-पाच जणांना आधीच सांगून ठेवा, त्यांची नावं पहिल्या यादीत दिसली पाहिजेत. रिकाम्या यादीत पहिलं नाव कोणी घालत नाही.

देवळीकर_काका

7 नंबरला तीन जोड्या करा, एकटा माणूस ड्रमपाशी कंटाळून निघून जातो. बाकी ठीक. पहिल्या पंगतीच्या वाढणाऱ्यांना साडेअकरालाच बोलवा. आमच्याकडे बारा म्हणजे साडेबारा.

मूळचा_आर्वीचा

फॉर्मचा आग्रह सोडला 🙂 पण या यादीचा एक फोटो वर्षभर जपून ठेवा, कोण आलं कोण नाही यावर खूण करून. पुढच्या वेळी पासष्ट नावं लागतील की पंचाऐंशी, ते त्यावरूनच कळेल.

साधा_प्रश्न

झाल्यावर इथे येऊन सांगा शेवटच्या पंगतीला तेहेतीसपैकी किती होते. मी पंधरा म्हणतो.

वऱ्हाडी_ठेचा

मी सव्वीस म्हनतो. काकाच्या हिशेबानं.

संत्रा_वरूड

काका, बुंदीचं पण सांगा. आणि बिछायतचा भाव?